चेहरा नमुना नव्हे : एका पालकपत्राचा अर्थ

“माझ्या पाल्याचे छायाचित्र नमुना म्हणून देऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पोस्टर तयार करू नये,” अशी विनंती एखाद्या पालकाने शाळेस पत्राने केली, तर वाचणाऱ्यास प्रथम आश्चर्य वाटते. शाळा आजवर विद्यार्थ्यांची छायाचित्रे फलकावर, बातमीत आणि स्मरणिकेत छापतच आली आहे. मग आताच हरकत का? याचे उत्तर छायाचित्र छापणे आणि छायाचित्र नमुना म्हणून वापरणे या दोन कृतींतील फरकात आहे.

एक उदाहरण घेऊ. निवासी शाळेतील आठवीची एक विद्यार्थिनी विज्ञान प्रदर्शनात पाणी गाळण्याच्या प्रतिकृतीजवळ उभी आहे. दोन वेण्या, गणवेश, सावळा चेहरा, थोडेसे बावरलेले हसू. हे छायाचित्र शाळेने पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले. पुढे प्रवेशाच्या हंगामात पोस्टर हवे होते. ते करणाऱ्याने हेच छायाचित्र चित्रे तयार करणाऱ्या एका संगणकीय सेवेवर चढवले आणि सूचना लिहिली : ‘या मुलीला आधुनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर दाखवा.’ काही क्षणांत चित्र तयार झाले. त्यात मुलीच्या अंगात पांढरा कोट होता, वेण्या जाऊन केस मोकळे झाले होते आणि वर्ण दोन छटांनी उजळला होता. मागे जी प्रयोगशाळा दिसत होती, तशी त्या शाळेत नव्हतीच.

येथे नेमके काय घडते, हे समजून घेतले पाहिजे. असे साधन मूळ छायाचित्र कापून दुसरीकडे चिकटवत नाही. ते चेहऱ्याची ठेवण, डोळ्यांतील अंतर, हनुवटी, केशरचना अशा खुणा ग्रहण करते आणि सूचनेनुसार नवा चेहरा रचते. जे सूचनेत सांगितलेले नाही, ते ज्या असंख्य चित्रांवरून ते साधन घडवले गेले, त्यांत वारंवार आढळणाऱ्या रूपाने भरले जाते. म्हणून कोणी न सांगताही वर्ण उजळतो आणि दात सरळ होतात. निघालेला चेहरा त्या मुलीचा नसतो; परंतु मैत्रिणींनी ओळखावी इतका तो तिचा असतो. “ही तू, पण गोरी,” असे वसतिगृहात कोणी म्हणाले, तर आपला आहे तो चेहरा पोस्टरला चालला नाही, एवढेच त्या मुलीला कळते.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा छायाचित्रांचा आठ खंडांचा संग्रह ब्रिटिश शासनाच्या वतीने लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील असंख्य माणसे स्वतःच्या नावाने नव्हे, तर आपापल्या जाती-जमातीचा नमुना म्हणून मांडलेली आहेत. माणसाचा चेहरा त्याच्या जीवनापासून तोडून दुसऱ्याच्या कल्पनेचा कच्चा माल करणे, ही कृती म्हणूनच नवी नाही. साधन मात्र नवे आहे.

तेव्हा पालकाने पत्र लिहावे ते रागाचे नव्हे, नेमके असावे. त्याचा नमुना असा :

“मा. मुख्याध्यापक यांस, सविनय जय भीम. माझी कन्या आपल्या शाळेत इयत्ता आठवीत शिकत आहे. शाळेच्या कार्यक्रमांची तिची मूळ छायाचित्रे शाळेने प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही. परंतु पोस्टर, जाहिरात वा चित्रफीत निर्माण करण्यासाठी तिचे कोणतेही छायाचित्र संगणकीय साधनास नमुना म्हणून देऊ नये. याविषयी तिचेही मत हेच आहे. पूर्वी असे पोस्टर तयार झाले असल्यास ते वापरातून काढावे, संबंधित सेवेच्या खात्यावरील मूळ छायाचित्र व निर्माण झालेली चित्रे पुसावीत आणि तसे मला लेखी कळवावे. ही सूचना पोस्टर करणाऱ्या व्यक्तीस व छपाई करणाऱ्या दुकानासही द्यावी, ही विनंती.”

यातील प्रत्येक वाक्याला कारण आहे. मूळ छायाचित्रांना हरकत नाही असे आरंभीच म्हटल्याने शाळेचे नित्याचे काम अडत नाही आणि मुलगी वर्गाच्या सामूहिक छायाचित्रातून वगळली जात नाही. प्रवेश अर्जावर ‘छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास हरकत नाही’ अशी ओळ असते. तिच्यावर केलेली सही घडलेल्या प्रसंगाच्या छायाचित्रासाठी असते, न घडलेल्या प्रसंगासाठी नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यानेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. संमती विशिष्ट हेतूपुरती असावी, ती मागे घेता यावी आणि अठरा वर्षांखालील मुलांबाबत ती पालकांकडून, पडताळता येईल अशा रीतीने घेतली जावी, असे हा कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील, अशी त्यात योजना आहे. शाळेने आपली पद्धत सुधारण्यासाठी मात्र त्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मुलीच्या मताचा उल्लेखही औपचारिक नाही. पालक दूर गावी असतात. पोस्टरसमोरून रोज जाणारी ती असते. तिला विचारल्यावाचून लिहिलेले पत्र अपुरे ठरते.

छपाईच्या दुकानाचे नाव घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. मुख्याध्यापकांनी पत्र स्वीकारले, तरी पोस्टर बहुधा एखादा माजी विद्यार्थी किंवा फ्लेक्सवाला तयार करतो, आणि छायाचित्र त्याच्या फोनमध्येच राहते. काही वेळा एकाच चेहऱ्याची अनेक छायाचित्रे देऊन तो चेहरा पुन्हा पुन्हा काढता येईल अशी स्वतंत्र फाईलही बनवली जाते. ती राहिली, तर मूळ छायाचित्र पुसून उपयोग नाही.

पत्राच्या मर्यादाही जाणून असाव्यात. छापून वाटलेली पत्रके परत येत नाहीत. गटावर पुढे गेलेले चित्र किती फोनांत पोहोचले, हे कोणास सांगता येत नाही. सेवेच्या खात्यावरून पुसलेले छायाचित्र त्या कंपनीच्या संगणकावरून लगेच जाते की नाही, हे तिच्या अटींवर अवलंबून असते. म्हणून हे पत्र पोस्टर निघाल्यावर देण्यापेक्षा प्रवेशाच्या वेळीच देणे अधिक हिताचे.

पोस्टर निर्मित आहे की नाही, हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. फळ्यावरची देवनागरी अक्षरे पाहावीत. जोडाक्षरे कधी मोडलेली किंवा निरर्थक असतात. गणवेशावरील बोधचिन्ह कधी बदललेले असते. अशोकचक्र असेल तर आऱ्या मोजाव्यात, त्या अनेकदा चोवीस भरत नाहीत. साधने सुधारत आहेत, त्यामुळे या खुणा कायम टिकतील असे नाही. म्हणून पोस्टर कशावरून केले, हे शाळेलाच विचारणे सर्वांत खात्रीचे.

यात शाळेचेही हित आहे. स्मरणिका काढताना आपण जुन्या पेट्या उघडतो आणि छायाचित्रांवरून शाळेचा इतिहास जुळवतो. पन्नास वर्षांनी कोणी अशीच पेटी उघडील आणि त्यात ते प्रयोगशाळेचे पोस्टर असेल, तर नसलेली प्रयोगशाळा इतिहासात नोंदली जाईल आणि पाणी गाळण्याची खरी प्रतिकृती करणारी मुलगी त्यातून नाहीशी होईल. प्रवेशाच्या पोस्टरवर तेच मूळ छायाचित्र, खाली प्रदर्शनाचे वर्ष आणि तिची हरकत नसल्यास तिचे नाव, एवढे छापले तरी पुरेसे आहे.