दंड आणि रोखलेले पैसे

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटात ‘माइलस्टोन’ म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा आणि तो गाठायची तारीख. समजा, 2 कोटींच्या इमारतीचे काम 12 महिन्यांत करायचे आहे आणि सहाव्या महिनाअखेर निम्मे, म्हणजे 1 कोटीचे व्हायला हवे. प्रत्यक्षात मापन पुस्तिकेत 70 लाखांचेच काम चढले आहे. इथे बरेच साइट इंजिनिअर ‘दंड लागला’ म्हणून घाबरतात. तो अजून लागलेला नसतो.

चालू बिलातून आधी मागची देणी वळती होतात. यापूर्वी 45 लाखांची बिले झाली असतील तर हे बिल 25 लाखांचे. त्यातून समजा 5 टक्के सुरक्षा ठेव, म्हणजे सव्वा लाख, आणि आगाऊ उचलीचा 5 लाखांचा हप्ता कापला, की करांपूर्वी पावणेएकोणीस लाख उरतात. टप्पा चुकल्याबद्दल कंत्राटाच्या परिशिष्टात ठरलेली रक्कमही याच बिलातून जाते, पण ती फक्त रोखून ठेवतात. पुढच्या टप्प्यापर्यंत मागचे काम भरून काढले तर ती परत मिळते, मात्र बिनव्याजी.

खरा दंड, म्हणजे विलंबाची भरपाई, एकूण मुदत उलटल्यावर लागतो. दर महिना 1 टक्का असेल तर तो राहिलेल्या कामावर नव्हे, बहुधा पूर्ण 2 कोटींवर धरतात: महिन्याला 2 लाख, दिवसांच्या हिशेबाने. कमाल मर्यादा 10 टक्के, म्हणजे 20 लाख. काम 95 टक्के झाले असले तरी आकारणीचा आधार तोच राहतो, हे कंत्राटदाराला फार झोंबते. म्हणून सही करण्यापूर्वी ‘टक्के कशाचे?’ हे कलमात शोधावे.

विलंब आपल्यामुळे झालेला नसेल तर सुटका मुदतवाढीने होते, आणि मुदतवाढीचा पाया अडथळा नोंदवहीत असतो. पायाचे नकाशे 10 ते 27 जुलै मिळाले नाहीत, म्हणजे 18 दिवस. आवारातली वीजवाहिनी 20 ते 31 जुलै हलली नाही, म्हणजे 12. बेरीज 30 येते, पण 20 ते 27 हे आठ दिवस दोन्हीकडे आहेत. ते एकदाच मोजतात, म्हणून हाती 22 दिवस येतात. तेही अडथळ्याने खरोखर काम अडले असेल तरच! त्या दिवसांत गवंडी दुसरीकडे नेहमीसारखे काम करत होते, हे हजेरीपटातून दिसले तर दावा लंगडा पडतो.

नोंदीवर विभागाच्या अभियंत्याची सही त्याच आठवड्यात घ्या. सहा महिन्यांनी कोणालाच काही आठवत नाही. आणि नोंद केली म्हणजे अर्ज झाला असे समजू नका. या कंत्राटात अडथळा आल्यापासून 14 दिवसांत लेखी अर्ज करावा लागतो.