स्क्रब टायफसचे निदान : प्राइमर कोठे बसवावा?

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर जिल्ह्यात स्क्रब टायफसची साथ आली. कुहीसारख्या शेतीप्रधान तालुक्यातील तापाच्या रुग्णात या रोगाचा जंतू ओळखावयाचा, तर तो केवळ जिवंत पेशींतच वाढत असल्याने साध्या संवर्धन-माध्यमावर येत नाही. म्हणून पीसीआरचा आश्रय घ्यावा लागतो. त्याच्या ५६ किलोडाल्टन प्रथिनाच्या जनुकात अस्थिर प्रदेशांच्या अधूनमधून स्थिर भाग आहेत. प्राइमर या स्थिर भागांवरच बसवावेत. विशेषतः त्यांचे ३' टोक तंतोतंत जुळावे. साखळी तेथूनच वाढते आणि तेथील एका विसंगतीनेही रोग असून नकार मिळू शकतो. दोन प्राइमरांमधील अस्थिर भागाच्या अनुक्रमावरून जंतूचा प्रकार कळतो. नमुना मात्र शक्यतो चाव्याच्या काळ्या खपलीचा घ्यावा, कारण रक्तात जंतू विरळ असतात. आणि नुसत्या पाण्याच्या नळीतही पट्टा उमटला, तर सारी फेरी रद्द समजावी.