उजवा, डावा, उजवा, डावा आणि पुन्हा डावा

दसऱ्याच्या मुहूर्तावर कथकच्या बऱ्याच वर्गांत नवी बॅच सुरू होते. चाळांची पूजा होते, गुरूंना आणि भूमीला नमस्कार होतो आणि त्याच दिवशी पहिला धडा मिळतो. पुण्यात अशा वर्गांची मोठी परंपरा आहे. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकलेल्या रोहिणी भाटे यांनी १९४७ साली इथे ‘नृत्यभारती’ सुरू केली. त्यांच्या शिष्यांनी आणि पुढे त्यांच्याही शिष्यांनी ठिकठिकाणी वर्ग काढले. यंदाच्या दसऱ्याला आमच्याकडेही नवी बॅच सुरू होते आहे. तिच्यात आठ वर्षांच्या मुलीलाही जागा आहे आणि कधीच नाच न शिकलेल्या चाळिशीतल्या बाईंनाही. ‘मला जमेल का?’ असं दारात उभं राहून विचारणाऱ्यांना पहिल्या काही महिन्यांत नेमकं काय करायचं असतं ते आधीच सांगावं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी घुंगरू मिळत नाहीत. पुष्कळजण ते विकत घेऊनच येतात आणि हिरमुसतात. यामागचं कारण असं की, कथकमध्ये पाऊल हे वाद्य असतं. तळवा जमिनीवर सपाट पडला की भरीव, स्वच्छ आवाज येतो. टाच आधी पडली तर आवाज बोथट होतो आणि हादरा थेट गुडघ्यापर्यंत जातो. नुसता चवडा पडला तर आवाज पातळ होतो. घुंगरू बांधले की या तिन्हींवर त्यांचा नाद पसरतो आणि चूक ऐकूच येत नाही. म्हणून सुरुवातीला अनवाणी पाय आणि उघडी जमीन एवढंच पुरतं. पाय फार उचलायचाही नाही, जमिनीपासून चार बोटं पुरे. उंच उचललेला पाय दिसायला जोरकस वाटतो, पण लय वाढली की तोच वेळेवर खाली येत नाही.

पायांच्या आधी तोंड आणि हात शिकतात. तीनताल सोळा मात्रांचा. चार-चार मात्रांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे तिथे टाळी न वाजवता हात बाजूला उघडायचा. सोळा मात्रा संपून आपण पुन्हा पहिलीवर येतो ती सम. मांडी घालून बसायचं, हातावर ताल धरायचा आणि बोल म्हणायचे. याला पढंत म्हणतात. सोबत हार्मोनियमवर किंवा हल्ली मोबाइलवर लेहरा चालू असतो. तो सोळा मात्रांचा एकच सुरावटीचा तुकडा असतो आणि सतत फिरत राहतो. काही दिवसांनी मात्रा न मोजताही त्या सुरावटीवरून आपण कुठे आहोत ते कळायला लागतं. हे कळेपर्यंत उभं राहण्याची घाई करू नये.

मग तत्कार. बोल अगदी थोडे आहेत: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आठ मात्रा, आठ पावलं. पहिल्या चारांत उजवा, डावा, उजवा, डावा. पुढच्या चारांत डावा, उजवा, डावा, उजवा. हेच दोनदा केलं की तीनतालाचं एक आवर्तन पुरं होतं. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की नवीन माणसाला अडखळण्याचं कारणच समजत नाही. कारण चौथ्या आणि पाचव्या मात्रेच्या मधे आहे. चौथी मात्रा डाव्या पायावर आणि पाचवीही डाव्याच पायावर. जन्मभर पाय आलटून-पालटून टाकत चाललेल्या शरीराला एकच पाय लागोपाठ दोनदा टाकणं मान्य नसतं. ते आपोआप उजवा पुढे करतं आणि तिथून सगळा क्रम उलटा होतो. आठवीनंतर पुन्हा पहिलीवर येताना असाच उजवा लागोपाठ दोनदा येतो. शिक्षकाला ही चूक न बघताही कळते. दुसऱ्यांदा पडणारं पाऊल एकतर दबकं वाजतं किंवा किंचित उशिरा. या रचनेमुळे पाचव्या आणि तेराव्या मात्रेची टाळी डाव्या पायाला मिळते, सम उजव्याला, आणि उजव्याच्या आड लपण्याची डाव्याची सवय मोडते.

संथ लयीत, म्हणजे ठायमध्ये, सोळा मात्रांत सोळा पावलं पडतात. दुगुनीत बत्तीस आणि चौगुनीत चौसष्ट. मात्रेचा वेग तिन्हींत तोच राहतो, फक्त एका मात्रेत मावणारी पावलं वाढतात. इथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. दुगुन सुरू केली की ते लेहऱ्याच्याही पुढे पळतात. उपाय एकच. तोंडाने बोल म्हणत राहायचं. बोल अडखळले की पायही अडखळणारच, हे मी प्रत्येक बॅचमध्ये पाहते.

या टप्प्यावर पहिली तिहाई येते आणि माझ्या मते कथकची खरी गोडी तिथे लागते. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून बरोबर समेवर येणं. अगदी साधी तिहाई घेऊ: ‘तिगदा दिगदिग थेई’. या तुकड्याला तीन मात्रा लागतात, म्हणजे तीनदा म्हटल्यावर नऊ. शेवटचं ‘थेई’ समेवर हवं असेल तर सुरुवात खालीवर, नवव्या मात्रेवर करायची. पहिलं ‘थेई’ अकराव्या मात्रेवर पडतं, दुसरं चौदाव्यावर आणि तिसरं सोळावी ओलांडून समेवर. एक मात्रा आधी उठलात तर शेवटचं ‘थेई’ सोळाव्यावर संपतं आणि सम रिकामी जाते. एक मात्रा उशीर झाला तर सम निघून गेल्यावर तुम्ही पोचता. दोन्ही वेळा लेहरा चूक दाखवून देतो, कुणी टोकावं लागत नाही. ज्या दिवशी तिसरं ‘थेई’ नेमकं समेवर पडतं, त्या दिवशी सगळा वर्ग आपोआप मान हलवतो.

हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, या सगळ्यासोबत हळूहळू येतात. त्यात पाहायचं ते एवढंच की हात छातीसमोर असताना कोपरं खाली पडू नयेत. चक्कर आणि अभिनय नंतर. घुंगरू साधारण तेव्हा, जेव्हा दुगुनीत दोन्ही पायांचे आवाज सारखे ऐकू येतात. हे काहींना तीन महिन्यांत साधतं, काहींना वर्ष लागतं.

मोठ्या वयात येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते. टाइल्स किंवा सिमेंटच्या जमिनीवर घरी रियाझ करायचा असेल तर सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांपुरताच करा. पोटऱ्या दुखल्या तर ते काही दिवसांत ओसरतं. पण टाचेत किंवा गुडघ्यात कळ आली तर त्या दिवशी थांबा आणि वर्गात सांगा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या. पढंत बसूनही शिकता येते आणि तिचा पुढे उपयोग होतोच. परीक्षेचं दडपण घेऊ नका. ज्यांना द्यायची त्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेपासून वाट मोकळी आहे, ज्यांना नको त्यांनी नुसतं शिकावं.

येताना सुती सलवार-कुर्ता घाला आणि ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेशी बांधा. जेवण होऊन दोन तास तरी झालेले असू द्या. ठरवण्याआधी एक दिवस नुसतं येऊन बसलात तरी चालेल. बसल्या जागी आमच्याबरोबर हातावर ताल मात्र धरा: पहिलीवर टाळी, पाचवीवर टाळी, नववीवर हात मोकळा, तेरावीवर टाळी.