गुलाबपाण्याला रंग नसतो

गुलाबाच्या पाकळ्या पाण्यात उकळून, गाळून, ते गुलाबी पाणी बाटलीत भरणं ही घरोघरी चालणारी कृती. पण हा झाला गुलाबाचा काढा. खरं गुलाबपाणी वाफेतून येतं, आणि पाकळीचा रंग काही वाफेबरोबर उडत नाही. तो खाली पातेल्यातच राहतो. वर जातात ती फक्त सुगंधी द्रव्यं. म्हणून वाफ थंड करून मिळालेलं पाणी, म्हणजेच हायड्रोसोल, स्वच्छ आणि बिनरंगी असतं.

कनोजला तांब्याच्या देगेत फुलं शिजवून भपक्यात वाफ धरतात. घरी तेच काम मोठं स्टीलचं पातेलं करतं. फुलं मात्र गावठी, गुलकंदाला घेतो ती, सकाळी लवकर खुडलेली आणि बिनफवारणीची हवीत. बुके-हारांतल्या टपोऱ्या गुलाबांना बहुधा वास बेताचाच असतो आणि फवारणी भरपूर झालेली असते.

पातेल्याच्या मधोमध अडणी ठेवून तिच्यावर उकळून घेतलेलं रिकामं वाडगं ठेवा. भोवती पाव किलो पाकळ्या आणि साधारण एक लिटर पाणी घाला, पण पाणी अडणीच्या खालीच राहू द्या. घुमटाकार झाकण उलटं ठेवा, म्हणजे त्याचं टोक बरोबर वाडग्यावर येईल, आणि झाकणाच्या खोलगट भागात बर्फ भरा. पाणी उकळू लागलं की आच अगदी मंद करा. वाफ थंड झाकणाला लागून थेंब होते आणि टोकावरून वाडग्यात ठिबकते. बर्फ वितळला की ते पाणी काढून नवा घाला.

थांबायचं कधी, हा इथला खरा प्रश्न. सुरुवातीच्या थेंबांत सुगंध जास्त असतो. पुढे वास फिका, शिजलेल्या पाल्यासारखा होत जातो. पाव लिटरच्या आसपास जमलं की मी गॅस बंद करते. लोभाने आणखी काढलं तर आधीचंही पातळ होतं. ताज्या पाण्याला किंचित उकडलेला वास येतो, तो काही दिवसांत निवळतो. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. तंतू तरंगले किंवा पाणी गढुळलं, तर सरळ ओतून द्या. यात टिकाऊ द्रव्य नसतं आणि घरचं पाणी निर्जंतुकही नसतं, त्यामुळे ते डोळ्यांत घालू नये.

बाजारातल्या अनेक बाटल्यांत साध्या पाण्यात सुगंध मिसळलेला असतो. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते मिसळून ठेवणारं द्रव्यही घालावं लागतं. अशी बाटली हलवली की बऱ्याचदा फेस येतो आणि टिकतो. लेबलवर ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ लिहिलेलं असेल, किंवा पाणी गुलाबी असेल, तर ते हायड्रोसोल म्हणून विकत घेऊ नका.