बाहेरचा स्पीकर जोडला, की टीव्हीचा आवाज बंद करा

मैत्रिणींनो, आता बऱ्याच ग्रामसंघांच्या खोलीत टीव्ही आहे. बचतीची, पशुपालनाची, प्रक्रिया उद्योगाची माहिती आपण व्हिडिओवर बघतो. पण टीव्ही पातळ, त्याचे स्पीकर बारीक, आणि बहुतेक वेळा त्यांची तोंडं खाली किंवा भिंतीकडं. पुढच्या दोन रांगांना ऐकू येतं, मागं बसलेल्या बायकांना नाही. म्हणून आपण मोठा स्पीकर जोडतो. आणि मग नवीनच अडचण येते: आवाज मोठा झाला, पण शब्द कळेनात. "पंधरा टक्के" म्हणाले की "पन्नास टक्के", यावरून बैठकीत वाद होतो.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. टीव्हीचा आवाज आणि स्पीकरचा आवाज, दोन्ही एकदम चालू असतात.

दोन आवाज असले की शब्द का फाटतात?

दोन्हीकडून तोच आवाज येतो खरा, पण तो एकाच वेळी येत नाही. ब्लूटूथवरून आवाज पाठवला, तर तो स्पीकरपर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण दहावा ते पाचवा भाग जास्त लागतो. तेवढ्यात टीव्ही एक अक्षर बोलून मोकळा झालेला असतो. मग पहिल्या अक्षरावर दुसरं अक्षर चढतं आणि विहिरीत बोलल्यासारखं ऐकू येतं. आवाज अजून वाढवला तर दोन्ही वाढतात, गोंधळही वाढतो.

स्पीकर वायरनं जोडला असेल तर हा उशीर फार कमी असतो, पण जागा चुकली तर तिथंही घोळ होतो. आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे टीव्ही हॉलच्या एका टोकाला आणि स्पीकर तीस फूट मागं ठेवला, तर मागच्या बायकांना आधी स्पीकरचं आणि मग टीव्हीचं ऐकू येतं. म्हणून स्पीकर टीव्हीच्या शेजारीच ठेवा, थोडा उंचावर, बायकांकडं तोंड करून. आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद करा.

"म्यूट" दाबून भागत नाही

आपण पहिल्यांदा काय करतो? रिमोटवर टीव्हीचा आवाज शून्य करतो. बऱ्याच वेळा त्यासोबत बाहेरचा स्पीकरही मुका होतो, कारण त्याला आवाज टीव्हीच पुरवतो. योग्य रस्ता म्हणजे टीव्हीला सांगणं, की आवाज कुठल्या दारातून बाहेर काढायचा. ही निवड सेटिंगमध्ये असते.

रिमोटवर घराचं किंवा दातेरी चाकाचं चिन्ह असलेलं बटण दाबा. Settings उघडलं की Sound शोधा. त्यात Sound Output किंवा Sound Out असं लिहिलेलं असतं. ते उघडलं की यादी दिसते. TV Speaker म्हणजे टीव्हीचा स्वतःचा आवाज. Optical, HDMI ARC, Bluetooth ही बाहेर जायची दारं. तुम्ही वायर जिथं लावली आहे ते दार निवडा, की टीव्हीचा स्पीकर आपोआप गप्प होतो. काही टीव्हींवर Display & Sound मध्ये Audio output आणि त्यात Speakers असं असतं; तिथं TV speakers ऐवजी Audio system निवडायचं. काही टीव्हींत दोन्ही एकदम चालू ठेवायचाही पर्याय असतो. तो हॉलमध्ये निवडू नका.

आधी वायर योग्य भोकात आहे का बघा

टीव्हीच्या मागं लाल-पांढरी-पिवळी भोकं दिसली, की आपण स्पीकरची लाल-पांढरी पिन तिथंच लावतो. पण त्या भोकांवर बहुतेक AV IN लिहिलेलं असतं. IN म्हणजे बाहेरून आत येणारं दार. तिथून आवाज बाहेर येणारच नाही. आपल्याला OUT लिहिलेलं भोक हवं, नाहीतर हेडफोनचं.

हेडफोनचं भोक असेल तर काम सगळ्यात सोपं. एका टोकाला मोबाईलच्या हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशी वायर दुकानात मिळते. पिन टीव्हीत घातली, की बहुतेक टीव्हींचा स्वतःचा आवाज लगेच बंद होतो. दुसरं टोक स्पीकरच्या AUX किंवा LINE IN मध्ये लावा. MIC च्या भोकात लावू नका. ते माईकच्या बारीक आवाजासाठी केलेलं असतं, टीव्हीचा आवाज तिथं गेला की फाटून येतो. या जोडणीत टीव्हीच्या रिमोटनंच स्पीकरचा आवाज कमी-जास्त करता येतो.

साउंडबार असेल तर तो एचडीएमआय वायरनं जोडतात. टीव्हीला अशी दोन-तीन भोकं असतात, पण आवाज बाहेर सोडणारं एकच, ज्यावर ARC लिहिलेलं असतं. दुसऱ्या भोकात लावलं तर काही ऐकू येत नाही आणि साउंडबार खराब आहे असं वाटतं.

एक उदाहरण पूर्ण बघू

समजा, ग्रामसंघाच्या हॉलमध्ये 43 इंची टीव्ही आहे. समोर चाळीस बायका बसतात. गटाकडं चाकांचा ट्रॉली स्पीकर आहे, त्याला AUX चं भोक आहे. टीव्हीला हेडफोनचं भोक नाही, नुसतं एक चौकोनी बारीक दार आहे, त्यावर OPTICAL लिहिलंय. ब्लूटूथवर व्हिडिओ लावला, तर बोलणारीचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

इथं ऑप्टिकल कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लागते. ऑप्टिकल वायरमधून वीज जात नाही, लाल उजेडाच्या रूपात आवाज जातो. ट्रॉली स्पीकरला तो उजेड कळत नाही, म्हणून ही डबी त्याचं साध्या आवाजात रूपांतर करते. डबीला वीज टीव्हीच्या यूएसबी भोकातून देता येते.

आधी सगळं बंद करा. ऑप्टिकल वायरच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची बारीक टोपी असते, ती काढा. एक टोक टीव्हीत आणि दुसरं डबीत, टक असा आवाज येईपर्यंत घाला. ही वायर घडी घालून मोडू नका, आत काचेसारखा धागा असतो. डबीतून लाल-पांढरी वायर स्पीकरच्या AUX ला लावा. स्पीकरचा आवाज अगदी कमी ठेवून मग वीज चालू करा. आता Sound Output मध्ये Optical निवडा.

आवाज आला नाही तर? ऑप्टिकल वायर डबीकडून काढून टोक बघा. लाल उजेड दिसत असेल तर टीव्हीचं काम बरोबर चाललंय. उजेड आहे पण आवाज नाही किंवा नुसती खरखर आहे, तर Sound मध्येच Digital Audio Output किंवा SPDIF असं शोधा आणि तिथं PCM निवडा. टीव्ही कधीकधी आवाज सिनेमाघराच्या पद्धतीनं, बांधून पाठवतो. साध्या डबीला ती गाठ सोडवता येत नाही. PCM म्हणजे आवाज गाठ न बांधता, साधा पाठवणं. जुन्या होम थिएटरचीही हीच तक्रार असते आणि उपायही हाच.

ऑप्टिकलवर टीव्हीच्या रिमोटनं आवाज कमी-जास्त होईलच असं नाही. म्हणून एका ताईनं स्पीकरजवळ बसावं आणि बटण तिच्याच हातात द्यावं.

सेटिंगमध्ये पर्यायच नसेल तर

काही स्वस्त टीव्हींत स्पीकर बंद करायचा पर्याय नसतो. ऑप्टिकलही चालू आणि टीव्हीही बोलतो. अशा टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर तुटक्या इअरफोनची पिन त्यात घालून ठेवा. टीव्हीला वाटतं हेडफोन लावलाय, आणि बहुतेक वेळा तो स्वतःचा आवाज बंद करतो.

घरची गोष्ट मात्र वेगळी असू शकते. फ्री डिशच्या सेट टॉप बॉक्समधून लाल-पांढरी वायर थेट होम थिएटरला गेली असेल, तर तो आवाज टीव्हीतून जातच नाही. तिथं टीव्हीचं म्यूट दाबलं की काम झालं, होम थिएटर चालूच राहतं. पण टीव्हीवर यूट्यूब किंवा पेन ड्राइव्ह लावला, तर त्याचा आवाज होम थिएटरला जाणार नाही, कारण तो बॉक्समधून येत नाही.

दुसऱ्या दिवशी टीव्ही मुका झाला?

बैठक संपते, स्पीकर उचलून नेतात, सेटिंग मात्र Optical वरच राहतं. दुसऱ्या दिवशी चित्र दिसतं, आवाज नाही. मग मेकॅनिकला बोलावलं जातं, तो दोन बटणं दाबतो आणि येण्या-जाण्याचे पैसे घेऊन जातो. आधी Sound Output उघडा, TV Speaker निवडा. एआरसीवर साउंडबार बंद केला की बहुतेक टीव्ही आपोआप स्वतःच्या आवाजावर येतात, ऑप्टिकलवर तसं धरून चालू नका. टीव्हीत पिन अडकून राहिली असेल तरी आवाज येत नाही, तीही काढून बघा.

एवढं सगळं दर वेळी लक्षात राहत नाही. म्हणून खालची चिठ्ठी लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवा:

1. स्पीकर टीव्हीच्या शेजारी. वायर OUT किंवा हेडफोनच्या भोकात, IN मध्ये नाही.
2. स्पीकरचा आवाज कमी करून वीज चालू.
3. Settings, मग Sound, मग Sound Output. वायर आहे ते दार निवडा.
4. टीव्हीला कान लावा. त्यातून आवाज येत नाही ना?
5. मागच्या रांगेतल्या ताईला एक वाक्य परत म्हणायला सांगा. तिनं आकडा बरोबर सांगितला, की व्हिडिओ सुरू.
6. बैठक संपली की परत TV Speaker.