औषधाच्या बिलातली एक ओळ

औषध दुकानात सकाळी स्टॉकिस्टचा माणूस खोके ठेवून जातो, वर बिल असतं. त्या बिलातली प्रत्येक ओळ खरेदीच्या नोंदीत उतरवणं हे दुकानातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत जबाबदारीचं काम. किराणा मालाच्या बिलात नाव, नग आणि दर पाहिले की भागतं. औषधाच्या ओळीत त्याशिवाय बॅच नंबर, एक्सपायरी, एमआरपी, स्कीमचे फुकट नग, सूट आणि जीएसटी असतात. यातले काही आकडे एकमेकांची साक्ष देतात आणि काहींना साक्षीदारच नसतो. बिल वाचणाऱ्याने हा फरक आधी ओळखायला हवा.

एक ओळ उदाहरणादाखल घेऊ. दहा गोळ्यांच्या दहा पट्ट्या, त्यावर एक फुकट. एमआरपी 105 रुपये, रेट 80 रुपये, सूट 5 टक्के, जीएसटी 5 टक्के. दहा गुणिले 80 म्हणजे 800. सूट वजा जाता 760, ही करपात्र रक्कम. त्यावर केंद्राचा 19 आणि राज्याचा 19 रुपये कर धरून ओळीची बेरीज 798. नोंद करताना रेट चुकून 86 पडला, तर बेरीज लगेच बिलाशी जुळेनाशी होते आणि चूक सापडते.

एमआरपीचीही अशीच परीक्षा घेता येते. एमआरपीत कर धरलेला असतो, रेटमध्ये नसतो, म्हणून दोन्हींची थेट तुलना करू नये. 105 ला 1.05 ने भागलं की 100 उरतात. सरकारने कमाल किंमत ठरवलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला त्याच्या खरेदीदरावर 16 टक्के मिळतात. इतर बहुतेक औषधांवर व्यापाराच्या प्रथेप्रमाणे कर वगळलेल्या किमतीच्या 20 टक्के. इथे 100 आणि 80 हे अंतर त्या प्रथेत बसतं. ते फारच वेगळं आलं, तर रकाना चुकलाय किंवा पॅक दहाऐवजी पंधराचा आहे, असं समजून पट्टी हातात घ्यावी.

22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा या गणिताचा खरा उपयोग झाला. बाजारातल्या जुन्या मालावर नवं लेबल लावण्याची सक्ती नव्हती. ग्राहकाला मात्र सुधारित किमतीनेच माल द्यायचा होता. म्हणून पट्टीवर 112 आणि बिलात 105 असं दिसू लागलं. दोन्ही आकडे खरे होते: 112 मधून 12 टक्के कर काढला की 100 उरतात, त्यावर 5 टक्के चढवले की 105. अशा मालाची नोंद पट्टी पाहून 112 ने केली, तर गिऱ्हाइकाकडून सात रुपये जास्त घेतले जातात.

बॅच आणि एक्सपायरी मात्र कोणत्याच बेरजेत सापडत नाहीत. फिकट छपाईत शून्य आणि `O`, आठ आणि `B` यांची अदलाबदल होते. त्याहून घातक चूक निराळीच आहे. दहा पट्ट्या कधी दोन बॅचमधून येतात, सहा एका ओळीत आणि चार पुढच्या ओळीत. घाईत नोंद करणारा दोन्ही एकत्र करून दहा लिहितो. नग बरोबर, कर बरोबर, बेरीजही बरोबर, पण चार पट्ट्यांची बॅच नोंदीतून नाहीशी झालेली असते. त्या चार पट्ट्यांची एक्सपायरी आधीची असेल, तर संगणक इशारा देत नाही. एखादी बॅच प्रमाणित दर्जाची नाही असं औषध प्रशासनाने जाहीर केलं, तर दुकानदार नोंद पाहून सांगतो, 'आमच्याकडे नाही', आणि माल फळीवर पडून असतो. मुदत संपलेला माल परत पाठवतानाही स्टॉकिस्ट त्याच्या बिलातली बॅच पाहतो. ती जुळली नाही तर क्रेडिट नोट अडते.

एक्सपायरीचा अर्थही नेमका हवा. `08/27` म्हणजे ऑगस्ट 2027 च्या शेवटच्या दिवसापर्यंत. संगणकात 1 ऑगस्ट पडलं, तर चांगला माल महिनाभर आधी बाद होतो.

औषध नियम 1945 मधला नियम 65 खरेदीच्या नोंदीत तारीख, पुरवठादाराचं नाव-पत्ता व परवाना क्रमांक, औषधाचं नाव, नग, बॅच आणि उत्पादक मागतो. बिलांना दुकानाने स्वतःचे अनुक्रमांक देऊन ती तारखेप्रमाणे लावून ठेवायची असतात. या यादीत कर आणि नफा नाहीत, बॅच आहे.

म्हणून पैशांचे आकडे बेरजेने तपासावेत. बॅच आणि एक्सपायरी बिलावरून नोंदवली, तरी प्रत्येक ओळीची पट्टी हातात घेऊन ती जुळवल्याशिवाय माल फळीवर चढवू नये.