दोन पगार, एक हिशेब

भंडारा जिल्ह्यात धानाचं पीक निघालं की शेतकऱ्याच्या घरात हिशेबाची बैठक बसते. सोसायटीचं कर्ज किती, बियाण्याला किती, घराला किती. पैसा वर्षातून एकदाच हाती येतो, म्हणून त्याचं काय करायचं हे ठरवावंच लागतं. पगाराचं तसं नसतं. पैसा दर महिन्याला येतो, म्हणून ठरवणंही दर महिन्याला पुढे ढकललं जातं. घरात पगार दोन असले आणि मूल नसलं, तर ही ढकलाढकल वर्षानुवर्षं चालते. शाळेची फी, ट्यूशन, बारावीनंतरचा प्रवेश अशा ठरावीक तारखांना मोठी रक्कम मागणारं घरात कोणी नसतं. त्यात नातेवाईक म्हणतात, “दोघंबी कमावता, तुमाले का कमी हाय?” आणि हळूहळू आपल्यालाही ते खरं वाटू लागतं.

जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, तुमसरकडच्या मँगनीज खाणी, जिल्हा परिषदेच्या शाळा, बँका, दवाखाने. नवरा-बायको दोघंही नोकरीत असलेली जोडपी जिल्ह्यात आता ठिकठिकाणी आहेत. अशाच एका जोडप्याचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. तो लाखनी तालुक्यात प्राथमिक शिक्षक, ती भंडाऱ्यात खासगी दवाखान्यात नर्स. त्याच्या हातात महिन्याला ५६ हजार पडतात, तिच्या हातात ३४ हजार. एकूण ९० हजार.

गळती शोधायची कशी

रोजचा खर्च डायरीत लिहा, असा सल्ला नेहमी दिला जातो. पंधरा दिवसांत ती डायरी बंद पडते. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे दोघांच्याही खात्यांचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढायचं आणि एका रविवारी समोरासमोर बसायचं. जमा रकमेतून माहीत असलेला खर्च वजा करायचा, त्यातून शिल्लक वाढली असेल तेवढी वजा करायची. जे उरेल ती गळती.

आपल्या जोडप्याचा माहीत असलेला खर्च असा : घरभाडं ८ हजार, किराणा-भाजी ९, अप-डाऊनचं पेट्रोल ६, गावाकडे आई-वडिलांना ८, वीज-गॅस-मोबाइल ४, गाडीचा हप्ता १४, एसआयपी ५ आणि विमा ३. बेरीज ५७ हजार. महिन्याला शिल्लक वाढते सरासरी ६ हजारांनी. म्हणजे २७ हजार रुपये कुठे जातात, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही.

यूपीआयच्या नोंदी चाळल्यावर उलगडा होतो. रविवारी नागपूर, तिथलं जेवण आणि खरेदी मिळून ९ हजार. घरबसल्या मागवलेल्या वस्तू ७ हजार. आहेर आणि परत न आलेले उसने पैसे ६ हजार. एकाच घरात दोघांनी वेगवेगळे भरलेले रिचार्ज आणि ओटीटीचे पैसे दीड हजार. उरलेले साडेतीन हजार चहा-नाश्त्याचे. यातला एकही खर्च उधळपट्टीचा नाही. तो म्हणतो, तिचा पगार मागे पडत असेल. ती म्हणते, त्याचा पडत असेल. गळतीचं मूळ या समजुतीत आहे.

गळतीची दुसरी जागा पगारपत्रकात असते. शिक्षकाच्या पगारातून पगारदार पतसंस्थेचा ९ हजारांचा हप्ता परस्पर कापला जातो. हातात पडलेली रक्कम म्हणजेच पगार असं घरात धरलं जातं, त्यामुळे ते कर्ज कशासाठी काढलं, कधी फिटणार, याची चर्चाच होत नाही. म्हणून स्टेटमेंटसोबत दोघांच्या पगारपत्रकांतली कपात एकमेकांना वाचून दाखवायची.

निम्मे-निम्मे नको

आता उद्दिष्टं. दोघांनी आधी वेगवेगळ्या कागदावर तीन-तीन लिहायची आणि मग कागद अदलाबदल करायचे. सोबत बसून लिहिलं की मोठ्या आवाजाचं माणूस जिंकतं. त्याच्या कागदावर नागपूरला प्लॉट असेल, तिच्या कागदावर भंडाऱ्यातच घर. हा वाद प्लॉटचं टोकन देण्याआधी झालेला बरा. जे दोघांना मान्य होईल, त्यापुढे रक्कम आणि महिना-वर्ष लिहायचं. तारीख नसलेलं उद्दिष्ट ही नुसती इच्छा असते.

मग दोघांच्या नावाचं एक खातं उघडायचं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीचं. त्यात कुणी किती टाकायचे? इथे बहुतेक जोडपी निम्मे-निम्मे ठरवतात आणि फसतात. आपल्या उदाहरणात घरखर्च ४९ हजार, आहेर-पाहुण्यांचा वेगळा निधी ३ हजार, चालू एसआयपी-विमा ८ हजार आणि नवं उद्दिष्ट १४ हजार, मिळून ७४ हजार लागतात. निम्मे म्हणजे ३७ हजार, आणि तिचा पगारच ३४ आहे! म्हणून हिशेब उलटा करायचा. दोघांच्या हातात सारखेच पैसे राहिले पाहिजेत. प्रत्येकी ८ हजार ठेवून त्याने ४८ आणि तिने २६ हजार पगार जमा होताच संयुक्त खात्यात वळवायचे. त्या ८ हजारांचा जाब एकमेकांना विचारायचा नाही. नागपूरचा रविवार त्यातूनच.

१४ हजारांतून आधी तीन महिन्यांचा घरखर्च आणि आहेर-पाहुण्यांचा निधी मिळून १ लाख ५६ हजारांचा साठा बाजूला पडू द्यायचा. बारा महिन्यांत तो जमतो. त्यानंतर तीच रक्कम घराच्या निधीकडे.

गळती पुन्हा सुरू होते ती दोन वेळी

एक, पगार वाढतो तेव्हा. वेतनवाढ होते, महागाई भत्ता वाढतो, कधी फरकाची रक्कम एकदम मिळते, आणि दोन महिन्यांत नवा हप्ता सुरू होतो. दुसरी वेळ हप्ता संपतो तेव्हाची. पतसंस्थेचे ९ हजार कापले जायचे थांबले की ते आपोआप खर्चात विरघळतात. दोन्हींसाठी नियम आजच लिहून ठेवावा : वाढीतला निम्मा भाग आणि संपलेला हप्ता पूर्ण, पहिल्याच महिन्यापासून उद्दिष्टाकडे. नियम बरोबर चालला आहे का, हे दर तीन महिन्यांनी एकाच आकड्यावरून कळतं. संयुक्त खात्यातून उद्दिष्टाकडे गेलेली रक्कम ठरल्यापेक्षा कमी असेल, तर गळती परत आली आहे.

मृत्युपत्राचं राहून जातं

मूल नसलेल्या जोडप्याने एक गोष्ट टाळू नये. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता नवरा गेला आणि त्याची आई हयात असेल, तर त्याच्या मालमत्तेत पत्नी आणि आई यांचा सारखा वाटा असतो. मूल नसलेली पत्नी मृत्युपत्राविना गेली, तर तिची स्वकष्टाची मालमत्ता नवऱ्याकडे जाते, पण आई-वडिलांकडून वारशाने आलेली तिच्या वडिलांच्या वारसांकडे. ‘नॉमिनी लावला आहे’ म्हणून निश्चिंत राहता येत नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून कुटुंबात झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की नॉमिनी हा मालक ठरत नाही, वारसा हक्क वेगळाच राहतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी.

दिवाळीच्या सुट्टीत फराळ आटोपल्यावर दोघांनी तीन महिन्यांची स्टेटमेंट आणि शेवटचं पगारपत्रक घेऊन बसावं. गळतीचा आकडा निघाल्याशिवाय दिवाळीनंतरची कोणतीही मोठी खरेदी ठरवू नये.